साडेतीन खणांचं घर

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यात या घरासाठी एकच ओळ आहे. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, क्षेत्रफळ ६०० चौरस फूट, माती-विटांचं, कौलारू. पेठ तालुक्यातल्या, सावळघाट उतरून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावातलं हे घर. आजोबा-आजी आता लेकीकडे नाशिकला राहायला चालले आहेत, आणि घर भावकीतलाच एकजण घेतो आहे. बोलणी याच ओळीवर झाली. चौरस फुटाला इतके रुपये, गुणिले ६००. दोन्ही बाजूंना मान्य होतं. मान्य नव्हतं ते आठवीतल्या नातवाला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. "आजोबा, मागची पडवी यात धरलीये का?"

आजोबा म्हणाले, "धरली असंल. कागद त्यांनी बनवलाय."

कोणी धरली, कधी धरली, हे कोणालाच सांगता येईना. मुलाने आजोबांच्या खुंटीवरचा पाच मीटरचा पोलादी टेप काढला आणि ओसरीपासून सुरुवात केली. पुढचे काही दिवस त्याने घर मोजलं. त्या मोजणीत मी बराच वेळ त्याच्याबरोबर होतो, कधी टेपचं दुसरं टोक धरायला, कधी नुसता पाहायला. हा लेख त्या मोजणीचा आहे. घर विकण्याआधी ते मोजून ठेवावं असं अनेकांना वाटतं, पण मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आकडा चुकला हे कशावरून ओळखायचं, हे फार कमी वेळा कोणी सांगतं.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. पेठ तालुक्यात घर-जमीन विकायची म्हटली की टेपच्या आधी कायदा येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. इथे घेणारा त्याच समाजातला, भावकीतला होता, म्हणून तो प्रश्न मोठा झाला नाही. आणि घरच्या टेपने केलेल्या मोजणीला कायद्याचं वजन नसतं. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा लागतो. नमुना ८ हासुद्धा घरपट्टी आकारण्याचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हे आजोबांना ठाऊक होतं. नातवाला ते त्या आठवड्यात कळलं.

आता घर. पुढे साडेसहा फुटांची ओसरी, मग माजघर, माजघराच्या उजव्या हाताला एक खोली, आणि मागे स्वयंपाकाची पडवी. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटेच्या, मातीत बांधलेल्या. माजघर आणि बाजूची खोली यांच्यामधली भिंत मात्र कुडाची, कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर माती-शेणाचा गिलावा दिलेली. सगळं वजन भिंतींवर नाही, सागाच्या खांबांवर आहे. विटा नंतर आल्या. आधी इथेही कुडच होते, आणि विटा आल्या तेव्हा त्या खांबांच्या रांगेला धरूनच रचल्या गेल्या.

मुलाने पहिल्या दिवशी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. प्रत्येक खोली आतून मोजली, वहीत चौकोन काढले, चौकोनांवर आकडे लिहिले. माजघर १६ फूट बाय १२. बाजूची खोली १२ बाय १२. दोन्हींची रुंदी मिळून २८ फूट. मग बाहेर जाऊन तीच बाजू जोत्यावरून मोजली, तर ३० फूट. त्याने दोनदा मोजली. दोन फूट कमी पडत होते.

हे दोन फूट म्हणजे भिंती. डावीकडची नऊ इंच, मधला कुड सहा इंच, उजवीकडची नऊ इंच. बेरीज बरोबर २४ इंच. भिंत किती जाड आहे हे दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी थेट मोजता येतं. जिथे चौकट नाही तिथे बाहेरच्या मापातून आतली मापं वजा करायची, जे उरेल ते भिंतीचं. म्हणून घर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून मोजायचं असतं. नुसतं आतून मोजलं तर भिंतींचा पत्ता लागत नाही. नुसतं बाहेरून मोजलं तर खोल्यांचा लागत नाही. आणि दोन्ही मोजल्याचा खरा फायदा म्हणजे एक माप दुसऱ्याची साक्ष देतं. इथे २८ आणि २ मिळून ३० झाले, तेव्हा त्या बाजूची सगळी मापं खरी असण्याची खात्री पटली.

टेपबद्दल दोन शब्द. पोलादी टेपच्या टोकाची आकडी थोडी सैल असते. मुलाला वाटलं ती ढिली झालीये, आणि तो ती ठोकून घट्ट करायला निघाला होता. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. आकडी स्वतःच्या जाडीइतकी सरकते, त्यामुळे कडेला अडकवून ओढलं तरी आणि भिंतीला टेकवून ढकललं तरी माप एकच येतं. ठोकली असती तर अडकवून घेतलेलं किंवा टेकवून घेतलेलं, यांतलं एक माप दरवेळी तेवढ्याने चुकलं असतं. काही सुतार आकडी वाकडी झाली की टेप एक इंचाच्या खुणेपासून धरतात आणि शेवटी एक इंच वजा करतात. वजा करायचं विसरलं की तो इंच कायमचा घरात राहतो, आणि अशी चूक सापडायला कठीण, कारण एक इंच कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

दुसरी गोष्ट, तुकड्या-तुकड्याने मोजू नये. ओसरीच्या भिंतीवर दोन दारं आणि एक खिडकी आहे. मुलाने आधी कोपऱ्यापासून दारापर्यंत, मग दार, मग दारापासून खिडकी, अशी सुटी मापं घेतली, आणि बेरीज एकूण लांबीशी जुळेना. प्रत्येक वेळी टेप उचलून ठेवताना थोडं थोडं निसटतं, आणि ते साचत जातं. नंतर गावातल्या गवंड्याकडून त्याने लांब टेप मागून आणला. शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवलं आणि तसाच ताणलेला टेप वाचत गेला. दार इथे सुरू, इथे संपतं, खिडकी इथे सुरू. चूक झाली तर ती एका खुणेपुरती राहते. टेपला मध्ये झोळ पडतो याची त्याला भीती होती. ३० फुटांत मध्ये सहा इंच झोळ पडला तरी माप जेमतेम पाव इंचाने वाढतं. झोळापेक्षा टेप कशाला तरी अडकणं फार वाईट, आणि ते लवकरच अनुभवाला आलं.

माजघर हा या मोजणीचा गाभा. समोरासमोरच्या भिंती सारख्या आल्या होत्या. १६ आणि १६, १२ आणि १२. मुलाने कागदावर पट्टीने नीट चौकोन काढला आणि काम संपलं असं धरून चालला. गवंड्याने लांब टेप देताना एकच विचारलं होतं, "कर्ण घेतलेस का?"

समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या म्हणजे खोली काटकोनात असतेच असं नाही. काड्यापेटीचं रिकामं कवच एका बाजूने दाबलं की चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण कोपरे सरकतात. म्हणून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही कर्ण मोजायचे. १६ बाय १२ ची खोली गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर २० फूट यायला हवेत. तीन, चार, पाच या नात्याला चौपट केलं की १२, १६, २०. गवंडी हेच ३-४-५ जोत्याची आखणी करताना वापरतात.

पहिला कर्ण आला २० फूट ९ इंच. दुसरा १९ फूट ६ इंच.

खोली तिरकी आहे हे कळलं. पण मापं खरी आहेत का? यालाही एक तपासणी आहे, आणि ती मुलाने मला शाळेच्या पुस्तकातून दाखवली. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी असते. बाजूंचं गणित सोपं. १६ चा वर्ग २५६, १२ चा १४४, मिळून ४००, दोनदा ८००. कर्णांचं आलं ८१०.८. जवळपास अकराचा फरक. इतक्या छोट्या खोलीत हा फरक चालण्यासारखा नाही. म्हणजे कुठलंतरी माप खोटं.

सापडायला वेळ लागला नाही. माजघराच्या कोपऱ्यात नागलीची मोठी कणगी उभी आहे. पहिला कर्ण मोजताना टेप तिच्या अंगाला लागून वळला होता. कणगी हलवणं दोघांना जमेना, म्हणून टेप तिच्यावरून, दोन्ही टोकं सारख्या उंचीवर धरून, पुन्हा ताणला. २० फूट ६ इंच. वर्ग ४२०.२५. दुसऱ्याचा ३८०.२५. बेरीज ८००.५. अर्ध्याचा फरक म्हणजे कर्णाच्या मापात पाव इंचही चूक नाही. मुलगा एकदम खूश झाला. मीही झालो. कागदावरचा आकडा आपणहून खरा असल्याचं सांगतो, असे प्रसंग रोज येत नाहीत.

या मापांवरून कळलं की १२ फुटांच्या खोलीत मागची भिंत पुढच्या भिंतीच्या तुलनेत साधारण साडेसात इंच बाजूला सरकली आहे. क्षेत्रफळावर याचा परिणाम पाव चौरस फुटाच्या आसपास, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने काहीच नाही. पण आराखडा काढताना हे साडेसात इंच नसतील तर मागची पडवी आणि तिचे खांब कागदावर कुठेच बसत नाहीत. मुलाचा पहिला आराखडा म्हणूनच बंद होत नव्हता. शेवटची भिंत पहिल्या भिंतीला येऊन मिळत नव्हती.

भिंत का सरकली? दोन शक्यता असतात. एक, घर झुकलं. दोन, घर तसंच बांधलं. दोन्ही ओळखण्याचं साधन गवंड्याच्या थैलीत असतं, ओळंबा. खांबाच्या माथ्याला दोरी धरायची, वजन खाली सोडायचं, आणि दोरीपासून खांबाचं अंतर वर आणि खाली मोजायचं. मागच्या रांगेतल्या खांबांना वर-खाली अंतर सारखं आलं. खांब सरळ उभे होते. मग घर झुकलेलं नाही, रांगच मुळात तिरकी मांडलेली. ओसरीच्या एका खांबाचं अंतर मात्र वर-खाली दोन इंचांहून जास्त फरकाने आलं. तो खरंच झुकला होता. आजोबांनी लगेच सांगितलं की त्याचं बुड वाळवीने खाल्लं होतं, म्हणून खाली दगड बसवला आणि तेव्हापासून तो बाहेर गेला.

मागची रांग तिरकी का, हे आजोबांनी बराच वेळ आठवून सांगितलं. घर त्यांच्या वडिलांनी बांधलं. मागच्या बाजूला जमिनीत कातळ आहे. पुढच्या खांबांसाठी खड्डे खणले, मागे खणता येईनात. कातळाला जिथे सपाट बसका भाग होता तिथे खांब उभे केले. रांग जिथे यायला हवी होती तिथून एक वीतभर बाजूला आली. "आडं मग तसंच नेलं," आजोबा म्हणाले. "काय करणार? दगड हालतो का?"

मग मुलाने विचारलं, "आणि १६, १२ हे आकडे कुठून आले?"

इथे आजोबांनी फूट बाजूला ठेवले आणि खणांत बोलायला लागले. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. हे घर साडेतीन खणांचं. त्यांच्या वडिलांकडे एक बांबू होता, त्यावर खूण होती, आणि प्रत्येक खांब त्या बांबूने ठरला. खांद्यावरून आणता येईल एवढी लांब तुळई मिळायची, तेवढाच खण. मुलाने लगेच खांबांची मापं घेतली, मध्यापासून मध्यापर्यंत. ८ फूट, ७ फूट साडेअकरा इंच, ८ फूट अर्धा इंच. बांबू आठ फुटांचा होता. माजघर दोन खणांचं, १६ फूट. बाजूची खोली दीड खण, १२ फूट. आणि पुढून मागे आतलं मापही दीड खणच, १२ फूट. साडेतीन खण म्हणजे २८ फूट. जो आकडा मुलाला पहिल्या दिवशी दोन फूट कमी वाटत होता, तोच बांधणाऱ्याने मुळात ठरवलेला आकडा होता. भिंती त्या आकड्याच्या बाहेर आणि मध्ये उभ्या राहिल्या.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या मुलुखात जमिनीचं मापही असंच हातात धरता येणाऱ्या एका वस्तूतून आलं आहे. मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षणात ३३ फुटांची साखळी होती, तिचे सोळा भाग केले होते आणि त्यांना आणे म्हणत. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. अशा ४० गुंठ्यांचा एकर. आजही बोलण्यातला गुंठा त्या साखळीचाच आहे. साखळी सरकारची होती, बांबू आजोबांच्या वडिलांचा. सरकारी साखळीचं माप कागदावर टिकलं. बांबूचं माप टिकलं ते फक्त खांबांत.

उंची मोजायला टेप पुरत नाही, कारण आड्यापर्यंत हात पोचत नाही. मुलाने एक वेळू आड्याला टेकवला, जमिनीच्या पातळीला खूण केली, आणि वेळू खाली ठेवून मोजला. आडं जमिनीपासून १४ फुटांवर. मागच्या जुन्या भिंतीचा माथा ८ फूट ३ इंच. आड्यापासून त्या भिंतीपर्यंतचं आडवं अंतर १० फूट. म्हणजे १० फुटांत ५ फूट ९ इंच उतार, फुटाला साधारण सात इंच. मंगलोरी कौलांना हा उतार चांगला. पेठचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कौलावर पाणी थांबून चालत नाही हे सांगायला नको.

मग पडवी. ती आजोबांनी स्वतः, लग्नानंतर वाढवली. जुन्या भिंतीच्या माथ्यापासून सुरू होते आणि साडेआठ फूट मागे जाऊन संपते. मागच्या टोकाला उंची ६ फूट, कारण त्याखाली गेलं तर माणूस वाकल्याशिवाय उभा राहत नाही. म्हणजे साडेआठ फुटांत फक्त सव्वादोन फूट उतार, फुटाला तीन इंचांहून थोडा जास्त. पुढच्या छपराच्या निम्म्याहूनही कमी. इतक्या उतारावर कौलांच्या जोडांतून पाणी उलटं आत शिरतं. आजी पडवी झाल्यापासून म्हणत आल्या होत्या की पडवी गळते, आणि आजोबा दरवर्षी कौलं फिरवत आले होते. शेवटी वर पत्रे घातले. मुलाने वहीत दोन्ही उतारांचे त्रिकोण शेजारी शेजारी काढून आजीला दाखवले.

"म्हणजे कौलं चांगली होती?" आजींनी विचारलं.

"कौलं चांगली होती, आजी. उतारच कमी होता."

आजी आजोबांकडे पाहून म्हणाल्या, "मी म्हणत होते ना, अजून एक हात वर उचला." आजोबांनी ते मान्य केलं. उचललं असतं तर जुन्या भिंतीचा माथाही उचलावा लागला असता, आणि तेवढं लाकूड त्या वर्षी नव्हतं.

आजींच्या सांगण्यावरून मुलाने काही अशा गोष्टी मोजल्या ज्या कुठल्या आराखड्यात येत नाहीत. चुलीचा ओटा किती उंच, जात्याची खुंटी बसायच्या पाटापासून किती लांब, डब्यांची फळी जमिनीपासून किती. फळी ५ फुटांवर आहे. आजींचा हात न ताणता तिथे पोचतो. लेकीच्या नाशिकच्या घरातल्या फळ्या त्याहून खूप वर आहेत, आणि आजींनी हे माप घ्यायला लावलं ते यासाठीच. नाशिकमध्ये एक फळी याच उंचीवर बसवून हवी होती.

आता व्यवहाराचा आकडा. ओसरी आणि मूळ घर मिळून पुढून मागे माप साडेसहा, अधिक दोन नऊ इंची भिंती, अधिक १२, असे बरोबर २० फूट. लांबी ३०. म्हणजे नमुना ८ मधले ६०० चौरस फूट खोटे नव्हते, ते आजोबांनी पडवी वाढवण्याआधीचे होते. पडवीचे साडेआठ फूट धरले तर हेच माप साडेअठ्ठावीस फूट, आणि क्षेत्रफळ ८५५ चौरस फूट. आणि वळचण सगळीकडून दोन फूट बाहेर येते, म्हणून वरून पाहिलं तर छपराचं माप ३४ बाय साडेबत्तीस, म्हणजे ११०५. एकाच घराचे तीन आकडे, तिन्ही बरोबर, फक्त तिन्ही वेगळ्या गोष्टींचे.

वरून पाहण्याचा आकडा हल्ली नुसता कल्पनेतला राहिलेला नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली, तिच्यात गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होते आणि मालकाला सनद मिळते. ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. म्हणूनच उड्डाणाच्या आधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायला लावतात. ज्यांनी रेघा नीट मारल्या नाहीत त्यांच्या वळचणीचा आणि शेजाऱ्याच्या वळचणीचा वाद नंतर कागदावर होतो.

८५५ चा आकडा घेणाऱ्यासमोर ठेवायला आजोबा कचरत होते. शब्द दिला होता. शेवटी मुलाचा आराखडाच समोर ठेवला गेला. घेणारा शेतकरी माणूस, त्याने कर्ण, उतार सगळं शांतपणे ऐकलं आणि पडवीच्या गळतीवर थांबला. ती उतरवून तो मागे वेगळी बांधणार होता. पडवीचे पैसे वेगळे धरायचे, पण जुन्या घराच्या दराने नव्हे, लाकडाच्या आणि पत्र्यांच्या किमतीने, असं ठरलं. खरेदीखतात क्षेत्रफळाबरोबर चतुःसीमाही लिहिल्या गेल्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला गावाची वाट, दक्षिणेला कोणाचा ओटा. माप चुकलं तरी सीमा लिहिलेल्या असल्या की वादात त्यांचाच आधार मोठा ठरतो, हे दस्त लिहिणाऱ्यांना अनुभवाने माहीत असतं.

मुलाच्या आराखड्यात एका जागी आकडा नाही. पुढच्या रांगेतले खांब जमिनीत किती खोल गेले आहेत, ते टेपने मोजता येत नाही. आजोबा म्हणाले तीन हात, आजी म्हणाल्या त्याहून कमी. मुलाने तिथे काहीच लिहिलं नाही. आपल्याला ठाऊक नसलेला आकडा लिहायचा नाही, हे त्याने कोणी न सांगता ठरवलं होतं. घेणाऱ्याने आराखड्याची एक प्रत मागितली, आणि ती रिकामी जागा पाहून विचारलं.

मुलाने कारण सांगितलं.

"ओसरीचा तो झुकलेला खांब पावसाच्या आधी काढणारच आहे," घेणारा म्हणाला. "काढायच्या आदल्या दिवशी फोन करतो. टेप घेऊन ये."

मुलाने त्याचा नंबर वहीच्या त्याच पानावर लिहून घेतला.